चाळीस जागा, दीड हजार नोंदण्या: कॅम्पस ड्राइव्हचा उलटा हिशोब

पुढच्या जुलैच्या १ तारखेला ४० नवे इंजिनिअर कामावर रुजू झालेले हवेत. पुण्यातल्या मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत कॅम्पस ड्राइव्ह बहुधा अशा एका ओळीने सुरू होतो, आणि तिथूनच मागे मागे मोजत जावं लागतं. ऑफर घेतलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू होतात, मुलाखत दिलेल्यांपैकी किती निवडले जातात, चाचणी दिलेल्यांपैकी किती जणांना मुलाखतीला बोलावता येतं, ही तीन गुणोत्तरं स्वतःच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्यांमधून काढायची. दुसऱ्या कंपनीची उपयोगी पडत नाहीत, कारण पॅकेज बदललं की तिन्ही बदलतात.

आमची गणितं साधारण ७० टक्के, ४० टक्के आणि १२ टक्के धरून केलेली होती. ४० जण हवेत तर ५७ ऑफर. ५७ ऑफर द्यायच्या तर १४३ मुलाखती. १४३ मुलाखतींसाठी सुमारे १२०० जणांनी चाचणी द्यायला हवी. नाव नोंदवलेल्यांपैकी पाचातला एक त्या दिवशी येत नाही, म्हणजे नोंदण्या दीड हजार. हा आकडा एका कॉलेजात मिळत नाही. म्हणून पाच कॉलेजं: तीन पुण्यातली, एक नाशिकचं, एक कोल्हापूरचं, आणि प्रत्येकी साधारण ३०० नोंदण्या.

हा हिशोब जून महिन्यात, वित्त विभागाच्या सहीसकट हातात हवा. सातवं सेमिस्टर सुरू झालं की प्लेसमेंट ऑफिसर तारखा वाटायला बसतात आणि कोणती तारीख मिळणार ते बहुतेक वेळा पॅकेजवर ठरतं. बऱ्याच कॉलेजांत नियम असतो की एक ऑफर मिळाली की मुलगा पुढच्या कंपनीला बसू शकत नाही, अपवाद फक्त पॅकेज दीडपट किंवा दुप्पट असेल तर. आपण वार्षिक ६ लाख देणार असू आणि आपल्या आधी साडेपाच लाखांची कंपनी येऊन दीडशे जणांना घेऊन गेली, तर आपल्यासमोर बसणारी यादी वेगळीच असते. त्यामुळे तारीख मागण्याआधी प्रत्येक कॉलेजचा हा नियम लेखी मागवायचा.

पात्रतेची अट लिहिताना दोन चुका हमखास होतात. पहिली, "दहावी, बारावी आणि पदवीला ६०%" असं लिहून फॉर्ममध्ये बारावीचा रकाना सक्तीचा करणं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांकडे बारावी नसते. ती एकतर फॉर्म अर्धवट सोडतात किंवा तिथे शून्य भरतात, आणि एक्सेलची चाळणी त्यांना निमूटपणे बाहेर काढते. महाराष्ट्रात ही मुलं मोठ्या संख्येने असतात आणि हाताने काम करण्यात अनेकदा पुढे असतात. रकाना "बारावी किंवा डिप्लोमा" असाच हवा. दुसरी चूक सीजीपीए आणि टक्क्यांची. पुणे विद्यापीठ आणि शिवाजी विद्यापीठ यांचे रूपांतराचे नियम एकच आहेत असं धरू नये. एकाच विद्यापीठात अभ्यासक्रमाच्या पॅटर्नप्रमाणेही नियम बदललेले असू शकतात. मुलाला फक्त गुणपत्रिकेवर छापलेला सीजीपीए भरायला सांगायचा आणि रूपांतर आपण, त्या त्या विद्यापीठाच्या परिपत्रकाप्रमाणे करायचं.

बॅकलॉगची अटही नेमकी लिहावी लागते. "बॅकलॉग नको" याचे तीन अर्थ निघतात: आज नको, रुजू होताना नको, किंवा कधीच राहिलेला नको. आम्ही आज जास्तीत जास्त एक चालवतो, रुजू होताना एकही नाही. सहाव्या सेमिस्टरचे निकाल आणि पुनर्मूल्यांकन ऑगस्टमध्ये पुष्कळदा अजून अडकलेले असतात. आजच सगळं साफ हवं असा आग्रह धरला, तर एका विषयाच्या निकालाची वाट बघणारी चांगली मुलंही गळतात.

आता चाचणी. ती ९५ मिनिटांची: गणित आणि तर्काचे २० प्रश्न २५ मिनिटांत, प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम वगैरेंचे १५ प्रश्न २० मिनिटांत, आणि दोन कोडिंग प्रश्नांना ५० मिनिटं. पहिले दोन भाग घाईत गाळणी लावण्यापुरते. खरी निवड कोडिंगवर होते, त्यामुळे तयारीचा निम्मा वेळ त्या दोन प्रश्नांवरच जातो.

सोप्या प्रश्नाचं उदाहरण घेऊ. n संख्यांची यादी दिली आहे आणि एक संख्या k. ज्यांची बेरीज k होते अशा जोड्या किती, ते मोजा. n जास्तीत जास्त १,००,०००. मुलाला पडद्यावर दोन उदाहरणं दिसतात, आणि मागे दहा लपवलेल्या चाचण्या चालतात. त्यातल्या पाच लहान याद्यांच्या: रिकामी यादी, एकच संख्या, ऋण संख्या, शून्य, एकसारख्या दोन संख्या. दोन मध्यम. उरलेल्या तीन मोठ्या. एकात एक दोन लूप घालून प्रत्येक जोडी तपासणाऱ्याला लहान आणि मध्यम चाचण्या पार होतात, पण लाखाच्या यादीत जवळपास ५०० कोटी तुलना कराव्या लागतात आणि वेळ संपते. आधी आलेल्या संख्या लक्षात ठेवून झटकन शोधून देणारा हॅश मॅप वापरणाऱ्याची यादीवरून एकच फेरी होते. म्हणजे दहापैकी ७ आणि दहापैकी १० यांत खरंच काहीतरी फरक दिसतो, आणि ७ मिळवणारा मुलगा शून्यावर जात नाही. सगळं बरोबर तरच गुण, असं ठेवलं तर सोपं लिहिता येणारा आणि काहीच न येणारा एकाच रांगेत उभे राहतात.

याच प्रश्नात एक खड्डा आहे आणि तो आपणच खणलेला असतो. मोठ्या चाचणीत लाखच्या लाख संख्या सारख्या ठेवल्या आणि k त्यांच्या दुपटीएवढा ठेवला, तर उत्तर येतं n(n-1)/2, म्हणजे ४,९९,९९,५०,०००. सी++ आणि जावामधल्या साध्या `int` मध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. तर्क अचूक लिहिलेला मुलगा तिथे चुकतो, आणि पायथॉनमध्ये लिहिणाऱ्याला अशी अडचण आहे हे कळतही नाही, कारण तिथे पूर्णांकाला ती मर्यादा नाही. उलट वेळेच्या बाबतीत पायथॉन सी++ पेक्षा कितीतरी हळू, तेव्हा सगळ्या भाषांना एकच २ सेकंदांची मर्यादा लावली की तोटा दुसऱ्या बाजूला होतो. उत्तर मोठं येऊ शकतं हे प्रश्नातच लिहायचं आणि वेळेची मर्यादा भाषेनुसार वेगळी ठेवायची. हे झालं आहे की नाही ते निकालातून कळतं: भाषेनुसार सरासरी गुण काढा. पायथॉनवाले आणि सी++वाले यांच्यात एखाद्याच चाचणीवर मोठी दरी दिसली, तर दोष बहुधा त्या चाचणीत असतो.

पेपर बाहेर काढण्याआधी मागच्या वर्षी रुजू झालेल्या आठ-दहा जणांना तो सोडवायला बसवतो. वर्षभर रोज कोड लिहिणाऱ्याला सोपा प्रश्न १५ मिनिटांत सुटत नसेल, तर प्रश्नाची भाषा गचाळ आहे किंवा तो सोपा नाही. वरिष्ठांना बसवून उपयोग होत नाही, त्यांना प्रश्न लांबलचक वाटला तरी ते मोठेपणाने गप्प बसतात.

चाचणी कॉलेजच्या लॅबमध्येच घ्यायची की घरून, हा वाद दर वर्षी होतो. घरून घेतली तर कॅमेरे असूनही शेजारी कोण बसलंय ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही लॅबच धरतो. पण लॅबची स्वतःची दुखणी आहेत. ६० यंत्रांच्या चार लॅब म्हणजे २४० यंत्रं, असं प्लेसमेंट ऑफिसर सांगतात. त्यातली दहातलं एक चालत नाही असं धरायचं. म्हणून ३०० नोंदण्यांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी १५०, तीन लॅबमध्ये, आणि चौथी लॅब मोकळी राखीव. यंत्र बंद पडलं की मुलाला उचलून तिथे न्यायचं, लॉगिन तेच, उरलेला वेळ तोच.

आदल्या दिवशी आपला एक माणूस जाऊन प्रत्येक लॅबमधल्या किमान पाच यंत्रांवर नमुना चाचणी उघडून बघतो. त्यात तीन गोष्टी हमखास सापडतात. ब्राउझर इतका जुना की कोड लिहायची चौकटच उघडत नाही. कॉलेजच्या फायरवॉलने चाचणीचं संकेतस्थळ अडवलेलं. आणि तिसरी, सगळ्या यंत्रांचा बाहेरचा आयपी पत्ता एकच असल्यामुळे चाचणीच्या कंपनीच्या सर्व्हरला एकाच ठिकाणाहून दीडशे लॉगिन संशयास्पद वाटतात आणि तो ती रोखतो. हा आयपी आधी कळवून मोकळा करून घ्यावा लागतो. दिवस उजाडल्यावर फोन करत बसलं की ४० मिनिटं गेलीच. लॉगिनही सगळ्यांचं एकदम करायचं नाही, एक लॅब झाली की दुसरी. आणि जनरेटर आहे का, एवढंच विचारून थांबू नये. वीज गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत लॅबच्या यंत्रांना यूपीएस आहे का, ते विचारावं.

दोन तुकड्या म्हटल्या की पेपर फुटणार. पहिली तुकडी जिना उतरता उतरता प्रश्न व्हॉट्सअॅपवर टाकते. प्रश्नसंचातून यादृच्छिक प्रश्न येतात यावर विसंबू नये, कोडिंगचे प्रश्न दोनच असतात आणि ते तोंडी सांगता येतात. दुसऱ्या तुकडीला पहिली सुटायच्या आधी सेमिनार हॉलमध्ये बसवायचं आणि फोन जमा करायचे. कंपनीची माहिती देणारं अर्ध्या तासाचं सादरीकरण त्याच वेळी उरकून घेतलं की मुलांनाही ते अडकवून ठेवल्यासारखं वाटत नाही. याशिवाय दोन तुकड्यांचे कोडिंग प्रश्न वेगळे. मग दोन्ही प्रश्न सारखेच अवघड होते का, हा प्रश्न उरतो. त्यासाठी कट-ऑफ तुकडीनिहाय, क्रमांकावरून ठरवतो, सरसकट गुणांवरून नाही.

कट-ऑफ किती ठेवायचा हे चाचणीआधी जाहीर करू नये. तो मुलाखतींच्या क्षमतेवर अवलंबून असतो. मुलाखत ३० मिनिटांची, मधली १० मिनिटं नोंदी लिहायला. साडेनऊ ते साडेपाच, जेवणाची सुट्टी धरली तर एका पॅनेलच्या दिवसभरात दहा मुलाखती नीट होतात. बारा केल्या की चारनंतरच्या मुलांना थकलेली माणसं भेटतात. सहा पॅनेल म्हणजे दिवसाला ६०, आणि १४३ मुलाखतींना तीन दिवस. म्हणून प्रत्येक तुकडीची यादी वरून अशी कापायची की एकूण १४३ नावं होतील, शेवटच्या गुणावर बरोबरी असेल तर त्या सगळ्यांना घ्यायचं. प्रत्येक विभागाला स्वतंत्र कट-ऑफ लावण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही कोडिंग प्रश्न पूर्ण सोडवलेला मुलगा "ट्रेन किती वेळात पूल ओलांडेल" यात एका गुणाने गळाला, तर ती चाळणी आपल्याच विरुद्ध काम करते आहे. आमच्याकडे अट एकच, एका कोडिंग प्रश्नात किमान अर्ध्या चाचण्या पार.

यादी पाठवण्याआधी कोडची साम्य तपासणी. बर्कलीमध्ये तयार झालेलं मॉस किंवा चाचणीच्या प्लॅटफॉर्मची स्वतःची व्यवस्था वापरता येते. पण १५ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये प्रामाणिक उत्तरंही एकमेकांसारखी दिसतात, कारण लिहिण्याच्या पद्धतीच दोन-तीन असतात. साम्य ९० टक्के आहे म्हणून कोणाला बाद करायचं नाही. एकच विचित्र चूक दोघांत असेल, किंवा न वापरलेला एकच व्हेरिएबल दोन्हीकडे असेल, तर नावापुढे खूण करायची. निकाल मुलाखतीत लागतो.

तिथे प्रत्येक मुलाखतीची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या कोडपासून. छापील प्रत समोर ठेवायची, दोन मिनिटांत समजावायला सांगायचं, मग एक बदल: आता जोड्या मोजू नकोस, त्यांचे यादीतले क्रमांक छाप. ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना, कुठे हात घालायचा ते लगेच दाखवतो. ज्याने उतरवलंय तो पहिल्या ओळीपासून पाठ म्हणायला लागतो. कोल्हापूर, नाशिकच्या मुलांना इथे एक वाक्य आधीच सांगून ठेवतो: मराठीत सांगितलं तरी चालेल. इंग्रजीत दोन वाक्यांवर थांबलेला मुलगा मराठीत अख्खा हॅश मॅप उलगडून दाखवतो, हे पॅनेलने एकदा पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ग्राहकाशी बोलण्याइतकं इंग्रजी हवं असेल तर त्याचे गुण वेगळ्या रकान्यात द्यावेत, तांत्रिक गुणांत मिसळू नयेत.

गुण १ ते ४. मधला आकडा मुद्दामच नाही, नाहीतर निम्मे उमेदवार त्या मधल्या आकड्यावर येऊन बसतात. प्रत्येक गुणाचा अर्थ लिहिलेला असतो, उदाहरणार्थ २ म्हणजे "इशारा दिल्यावर बदल जमला", ३ म्हणजे "इशाऱ्याशिवाय जमला". पहिल्या सकाळी एकाच उमेदवाराला दोन पॅनेल मिळून भेटतात आणि गुण आधी लिहून मग बोलतात. तरी काही पॅनेल कडक निघतातच. दुपारी जेवताना आकडे बघायचे: पाच पॅनेल दहातल्या चौघांना घेत असताना सहावं एकालाच घेत असेल, तर त्यांच्याकडे कमकुवत उमेदवार गेलेत का ते चाचणीच्या गुणांवरून तपासायचं. गेले नसतील, तर त्यांनी नाकारलेल्या वरच्या तीन जणांना संध्याकाळी दुसरं पॅनेल भेटतं. हे शक्य व्हावं म्हणून उमेदवार पॅनेलला चिठ्ठ्या टाकून वाटायचे, कॉलेजवार नाही.

एचआरच्या दहा मिनिटांत दोनच गोष्टी खोदून विचारण्यासारख्या: पुढे शिकायचं आहे का, आणि बाकी कुठल्या निकालाची वाट बघतोयस. गेट, एमबीएची सीईटी, परदेशातलं एमएस हे स्पष्टपणे सांगणाऱ्याला शिक्षा होते असं मुलांना वाटलं की सगळेच "नाही" म्हणतात आणि मे महिन्यात गळती दिसते. उत्तर निवडीसाठी वापरणार नाही, फक्त किती ऑफर द्यायच्या त्याच्या अंदाजासाठी वापरू, हे सांगायचं आणि तसंच वागायचं.

निकाल मुलाखतींच्या शेवटच्या संध्याकाळीच. दोन दिवस गेले की दुसरी कंपनी येते आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे मुलगा तिचा होतो. ५७ नावं एकदम जाहीर करतो, आणि आठ जणांची प्रतीक्षा यादी, तिच्यापुढे तारीख: पंधरा दिवसांत कळवलं नाही तर मोकळे. तारीख न घालता कुणाला लटकवून ठेवलं, तर पुढच्या वर्षी तोच प्लेसमेंट ऑफिसर आपल्याला मागच्या रांगेत टाकतो, आणि ते योग्यच आहे.

ऑफर पत्रात जो आकडा मुलांना दिसतो आणि जो खात्यात पडतो त्यांतला फरक आम्ही पत्रासोबतच, एका पानावर मांडून देतो. वार्षिक ६ लाखांमध्ये ५०,००० कामगिरीवर अवलंबून. उरलेल्या साडेपाच लाखांचे महिन्याला ४५,८३३. मूळ वेतन २५,००० धरलं तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,२०२ (मूळ वेतनाच्या ४.८१%), विम्याचा हप्ता ६०० असे गेले की पगारपत्रकावर ४१,०३१ उरतात. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो, म्हणजे हातात ३७,८३१, फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्याने शंभर कमी. घरी "महिना ५० हजार" सांगून झालेलं असतं. हा हिशोब सप्टेंबरात कळला तर दोन-चार जण नाराज होतात. पहिल्या पगाराला कळला तर सोडून जातात.

पत्रातल्या अटी आकड्यांत हव्यात: आठव्या सेमिस्टरपर्यंतचे सगळे विषय कोणत्या तारखेपर्यंत सुटलेले हवेत, रुजू होण्याची तारीख किंवा दोन संभाव्य तुकड्या, आणि तारीख पुढे गेली तर कंपनी किती दिवस आधी कळवणार. शेवटचं वाक्य २०२२ च्या बॅचनंतर आलं. त्या वर्षी देशभर असंख्य मुलांकडे ऑफर होती आणि रुजू होण्याची तारीख मात्र महिनोन्‌महिने येत नव्हती. तेव्हापासून प्लेसमेंट ऑफिसर हे स्वतःहून विचारतात. मागणीच्या ओळीत १ जुलै असलं, तरी आम्ही ४० च्या दोन तुकड्या करतो, २५ जण जुलैमध्ये आणि उरलेले १५ सप्टेंबरमध्ये. उशिरा निकाल लागणारे आपोआप दुसरीत जातात.

ऑफर आणि रुजू होण्याच्या मधल्या नऊ महिन्यांत कागदपत्रं मागवायला जानेवारी बरी, कारण नावाचा घोळ सोडवायला वेळ लागतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा नाव आधी. फॉर्ममध्ये "पहिलं नाव" म्हणून मुलगा गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द भरतो, आणि मग पॅनवर एक, आधारवर एक, बँकेत तिसरंच. रुजू झाल्यावर पीएफचा यूएएन क्रमांक काढताना आधारशी नाव जुळत नाही आणि पहिल्याच महिन्यात काम अडतं. म्हणून फॉर्ममध्ये तीन वेगळे रकाने न ठेवता एकच ओळ ठेवली आहे: "आधारवर छापलं आहे अगदी तसं नाव". आणि सगळ्या याद्या नावावरून नाही, विद्यापीठाच्या पीआरएन नंबरवरून जोडायच्या, तोही एक्सेलमध्ये मजकूर म्हणून साठवून. नाहीतर मोठा नंबर ९.१९E+११ असा दिसायला लागतो आणि सीएसव्ही फाइल म्हणून जतन करताना शेवटचे आकडे गेलेले असतात.

जूनच्या शेवटी यादीत तीन प्रकारची माणसं राहतात: पास झालेली, निकालाची वाट बघणारी, आणि एका विषयात अडकून पुनर्मूल्यांकनाला गेलेली. तिसऱ्या गटातल्यांना सप्टेंबरच्या तुकडीची जागा आणि ३१ ऑगस्टची मुदत लेखी कळवायची. फोनवर "बघू" म्हटलेलं मुलं "हो" असंच ऐकतात.